खोक्यावर एक बॅच, बाटलीवर दुसरी: एका फोटोपासून औषध प्रशासनापर्यंत

मी गावच्या दूध संस्थेची सचिव आहे. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सभासद जनावरांच्या औषधांचे, कॅल्शियमच्या कॅनचे, कोंबड्यांच्या पावडरींचे फोटो टाकतात आणि विचारतात, "ताई, हे बरोबर आहे का बघा." हे वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण औषध दिलेल्या गायीचं दूध किती दिवस वेगळं ठेवायचं, हे मला संकलनासाठी कळावंच लागतं. गेल्या दोन वर्षांत असे बरेच फोटो वाचले. त्यातलं एक प्रकरण तक्रारीपर्यंत गेलं आणि नुकतंच निकाली निघालं. ते नीट लिहून ठेवते, कारण सुरुवातीला कुठल्या दारात जायचं हेच मला कुणी सांगत नव्हतं.

जुलै 2024 मध्ये तात्यांनी फोटो टाकला. गायीला ताप, एक सड सुजलेला. डॉक्टरांनी ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. तात्यांनी दोन बाटल्या आणल्या, एक वापरली, पण गायीत फरक दिसेना. औषधाचा गुण न येणं म्हणजे औषध खोटं असं होत नाही. जंतू त्या औषधाला दाद देत नसेल, मात्रा कमी पडली असेल, आजारच वेगळा असेल. म्हणून मी पहिल्यांदा तात्यांना डॉक्टरांना परत बोलवायला सांगितलं. फोटोचं नंतर. डॉक्टर संध्याकाळी आले, त्यांनी स्वतःजवळचं औषध दिलं.

तात्यांचा पहिला फोटो काही कामाचा नव्हता. रात्री, बल्बखाली, हातात बाटली धरून काढलेला, आणि व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेला. अशा फोटोत बॅचचे आकडे नुसते ठिपक्यांचे पुंजके दिसतात. मी सगळ्यांना एकच पद्धत सांगते. सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवायची. बाटली गोल असते, म्हणून थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो काढायचे, एकमेकांवर थोडे चढतील असे. खोक्याच्या सहाही बाजू. झाकण वरून आणि बाजूने. बिल. आणि हे सगळं फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं, म्हणजे फोटो दाबला जात नाही. खोक्यावर बॅच पुष्कळदा शाईने न छापता नुसती दाबून उठवलेली असते. ती समोरून दिसत नाही. खोकं खिडकीजवळ आडवं धरलं आणि उजेड एका बाजूने सरपटत आला की प्रत्येक आकड्याला सावली पडते आणि ओळ वाचता येते.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या नातवाने फोटो पाठवले आणि ते उत्तम होते. मी वहीत दोन रकाने केले, एक खोक्याचा, एक बाटलीचा. वाचताना माझा एक नियम आहे: जे अक्षर स्पष्ट नाही तिथे प्रश्नचिन्ह, अंदाज नाही. शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांत हमखास गोंधळ होतो. शिवाय खोक्यावरची बॅच आधी वाचलेली असली की डोळा बाटलीवरही तीच वाचायला लागतो. म्हणून मी आधी बाटली वाचते, मग खोकं, आणि नंतर फोनवर समोरच्याला हातातल्या बाटलीवरचे आकडे एकेक करून वाचायला लावते. माझं काय आलंय ते आधी सांगत नाही.

नातवाने वाचलं आणि माझ्या वहीतलं, दोन्ही जुळलं. खोक्यावर उत्पादन 11/2023, मुदत 10/2025. बाटलीवर बॅच वेगळी, शेवटचे तीन आकडे निराळेच. तारखांच्या जागी मात्र काही नीट दिसेना. उत्पादनाच्या ओळीत 04 आणि 2 एवढंच कळत होतं, मुदतीची ओळ जवळजवळ कोरी. फोटो मोठा करून पाहिला तर लेबलचा सगळा कागद मंद चमकणारा आणि त्या दोन ओळींची जागा मात्र रखरखीत, पांढुरकी, चमक गेलेली. कडेला शाईचे सुटे ठिपके राहिले होते. घासल्यावर होतं तसं. बॅचची ओळ तेवढी शाबूत होती. पुसणाऱ्याने तारखेकडे लक्ष दिलं, बॅचकडे नाही.

सील अगदी व्यवस्थित होतं, हे मुद्दाम सांगते. न वापरलेल्या बाटलीची रबराची बुची, तिच्यावर आवळलेली ॲल्युमिनियमची कडी, वरची प्लॅस्टिकची टोपी, सगळं जागच्या जागी. कडीचा आवळ सगळीकडून सारखा होता. टोपी एकदा उडवली की ती कडीला धरून ठेवणारे बारीक सांधे तुटतात, मग ती नीट परत बसत नाही. इथे ती घट्ट होती. म्हणजे बाटली कुणी उघडली नव्हती. पण सील एवढंच सांगतं. आतलं औषध मुदतीत आहे की नाही, ते सीलला ठाऊक नसतं. खोक्याचं मात्र वेगळं होतं. वरच्या पाकळीवर पारदर्शक गोल स्टिकर होतं आणि त्याच्या खाली, किंचित सरकलेलं, आधीच्या स्टिकरच्या डिंकाचं वर्तुळ होतं. खोकं एकदा उघडून परत बंद केलेलं.

मग लायसन्स नंबर. औषधाच्या लेबलवर 'एम. एल.' किंवा 'मॅन्यु. लाय. नं.' असं लिहून पुढे निर्मात्याचा परवाना क्रमांक छापावा लागतो. तो खोक्यावर आणि बाटलीवर तोच होता, एका अक्षराचाही फरक नाही. जनावराच्या डोक्याचं चित्र होतं आणि माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी, ही इंग्रजी ओळही होती. हे दोन्ही कायद्याने लागतंच. लायसन्स नंबर बरोबर आला की बहुतेक जण निर्धास्त होतात. पण तो नंबर कारखान्याचा असतो, त्या एका बाटलीचा नव्हे. इथे कारखाना खरा, औषध बहुधा खरंच, फक्त जुनी बाटली नव्या खोक्यात घातलेली दिसत होती. नंबर तपासायचा झाला तर लेबलवर 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' पुढे जो पत्ता असतो त्या राज्याच्या औषध नियंत्रकांकडे चौकशी करायची. 'मार्केटेड बाय'चा पत्ता पुष्कळदा दुसऱ्याच राज्यातला असतो, तिकडे विचारून ते सापडत नाही.

फोटोवरून एवढंच सांगता येतं. औषधाची ताकद उतरली होती का, हे मला सांगता आलं नसतं. तात्या म्हणत होते, "ताई, रंग गडद वाटतोय." ऑक्सिटेट्रासायक्लिन जुनं झालं की गडद होतं हे खरं आहे, पण तपकिरी काचेतला रंग मोबाइलच्या फोटोवर जोखणं मला पटत नाही. ते मी वहीत तात्यांचं निरीक्षण म्हणून लिहिलं, माझं म्हणून नाही.

त्याच आठवड्यात मी लेबलवर दिलेल्या ईमेलवर कंपनीला लिहिलं. दोन्ही बॅचचे क्रमांक, सगळे फोटो, बिलाची प्रत, आणि एकच प्रश्न: या दोन बॅच तुमच्या आहेत का, आणि त्यांची मुदत काय. उत्तर यायला साधारण दोन आठवडे लागले, मध्ये एकदा आठवण करावी लागली. उत्तरात लिहिलं होतं की दोन्ही बॅच त्यांच्याच, बाटलीवरच्या बॅचची मुदत 03/2024 ला संपली, आणि त्या बॅचची बाटली त्या खोक्यात कारखान्यातून बाहेर पडणं शक्य नाही. लेबलवर महिना आणि वर्ष असलं की औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. तात्यांनी ते जुलैत घेतलं होतं.

एवढं झाल्यावर तक्रार करायची की नाही, यावर घरात आणि संस्थेत चर्चा झाली. तात्यांना अवघड वाटत होतं. त्या दुकानात त्यांची वर्षानुवर्षांची उधारी चालते, चारा-पेंडही तिथूनच येते. "नको ताई, पैसे गेले तर गेले." मी त्यांच्यावर जोर केला नाही. पण संस्थेच्या बैठकीत दुसऱ्या दोन सभासदांनी त्याच दुकानातल्या त्याच औषधाची खोकी काढून दाखवली आणि त्यातल्या एकात तसाच प्रकार निघाला. मग तात्याच म्हणाले, संस्थेच्या नावाने द्या, मी जबाब देतो.

आमच्याकडे तक्रार जाते ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावाने. पशुसंवर्धन खात्याकडे आधी गेले होते, तिथल्या साहेबांनी आपुलकीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की औषधाच्या विक्रीचा परवाना आम्ही देत नाही, तो एफडीए देते. अर्ज एका पानाचाच ठेवला: काय घेतलं, कधी, कुठून, बिल क्रमांक, खोक्यावर काय, बाटलीवर काय, कंपनीने काय कळवलं. 'बनावट औषध' हे शब्द मी टाळले. बनावट ठरवणं प्रशासनाचं काम आहे, आणि इथे तर ते बनावट नव्हतंच, मुदत संपलेलं होतं. मुदत संपलेलं औषध परवानाधारकाने विकणं हा औषध नियम, 1945 मधल्या नियम 65 चा स्वतंत्र भंग आहे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. पुढे प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच आला.

तात्यांचं बिल संगणकाचं होतं आणि त्यावर बॅच छापलेली होती, खोक्यावरची. त्यामुळे ते खोकं त्याच दुकानातून आलं हे कागदावर आलं. साधी चिठ्ठी असती तर प्रकरण तिथेच अडलं असतं. दुकानदाराने बॅच लिहिली नसेल तर बिलावर लिहून मागा आणि बाटलीवरून लिहायला सांगा, खोक्यावरून नाही. त्या निमित्ताने खोकं दुकानातच उघडलं जातं.

ऑगस्टच्या अखेरीस औषध निरीक्षकांचा फोन आला. मी समजत होते की आमच्याकडची सीलबंद बाटली ते नमुना म्हणून नेतील आणि प्रयोगशाळेत पाठवतील. तसं नसतं. कायदेशीर नमुना निरीक्षक स्वतः दुकानातून घेतात, लेखी सूचना देऊन, त्याचे भाग करून, आणि एक भाग दुकानदाराकडेच राहतो. आमच्या हातातून आलेली बाटली पुरावा म्हणून जोडता येते, नमुना म्हणून नाही. आम्हाला स्वतः तपासून घ्यायचीच असती तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 खाली खरेदीदाराला फी भरून शासकीय विश्लेषकाकडे अर्ज करता येतो. तो रस्ता आम्ही घेतला नाही, कारण इथे प्रश्न ताकदीचा नव्हता, तारखेचा होता आणि तारीख कंपनीच्या पत्रात होती. औषधात खरंच काही नाही अशी शंका असेल तर मात्र तोच रस्ता, आणि त्यासाठी न उघडलेली बाटली लागते. म्हणून एकाच बॅचच्या दोन घेतल्या असतील आणि पहिलीवर संशय आला तर दुसरी फोडू नका. लेबलवर लिहिलेल्या तापमानाला, अंधारात, खोक्यासकट ठेवा.

तात्यांचा जबाब जिल्ह्याच्या ठिकाणी झाला. सकाळची धार काढून निघालो, संध्याकाळच्या धारेला कसेबसे पोचलो. जबाब मराठीतच, तीन पानांचा. निरीक्षक साहेब शांतपणे विचारत होते, तरी तात्यांचा घसा कोरडा पडला होता. सही करण्याआधी मी त्यांना सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवायची विनंती केली, ती साहेबांनी लगेच मान्य केली. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती तिथेच दुरुस्त झाली.

यानंतर मोठी शांतता. दिवाळी गेली. तक्रारदाराला आपणहून काही कळवलं जाईल असं धरून चालू नका. जानेवारीत मी माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर तीस दिवसांच्या आत आलं, पानांचे दोन रुपयांप्रमाणे पैसे भरले आणि कागद हाती आले. दुकानाची तपासणी झाली होती. विक्रीच्या कपाटात मुदत संपलेल्या आणखी बाटल्या मिळाल्या होत्या, त्या वेगळ्या करून 'विक्रीसाठी नाही' असं लिहून ठेवायला हव्या होत्या. दुकानातून घेतलेला नव्या बॅचचा नमुना प्रमाणित निघाला. कारणे दाखवा नोटीस, सुनावणी, आणि परवाना काही दिवसांसाठी निलंबित. तारखा कुणी पुसल्या हे कागदांत कुठेच नाही. दुकानदाराने माल घाऊक विक्रेत्याकडून तसाच आल्याचं सांगितलं होतं आणि ती चौकशी वेगळी चालू आहे.

आमचा सगळा खर्च म्हटला तर झेरॉक्स, स्पीड पोस्ट, एसटीचं भाडं आणि माहिती अधिकाराचे पैसे. वेळ मात्र गेला.

यात दुधाचीही एक बाजू होती. मुदत संपलेलं असलं तरी ते प्रतिजैविकच, आणि नंतर डॉक्टरांनी दिलेलं वेगळं. जनावरांच्या औषधाच्या लेबलवर दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही तो काळ छापावा लागतो. त्या औषधासाठी तसा काळ तपासून ठरवलेला नसेल तर नियमाने दूध आणि अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी 28 दिवस धरायचे. तात्यांच्या गायीचं दूध आम्ही शेवटच्या इंजेक्शनपासून मोजून तेवढे दिवस संकलनात घेतलं नाही. फोटोत बॅचइतकीच ही ओळही मी शोधते. घटकांची ओळही वाचतेच: मागे एका सभासदाने कोंबड्यांना पाण्यातून द्यायच्या पावडरीचा फोटो टाकला, सील, बॅच, नंबर सगळं ठीक, पण घटकांत कोलिस्टिन. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर 2019 पासून बंदी आहे. पाकीट कुठल्यातरी जुन्या साठ्यातलं होतं.

आता तात्यांनी त्याच बिलावर घेतलेल्या दुसऱ्या वस्तूबद्दल, पाच लिटरच्या पातळ कॅल्शियमच्या कॅनबद्दल. तिच्या फोटोत मला औषधाचा लायसन्स नंबर सापडलाच नाही. झाकणाखालची चांदीची पट्टी चिकटलेली, बॅच स्टिकरवर छापलेली, आणि समोर मोठ्या अक्षरांत आयएसओ, जीएमपी आणि एक पंधरा अक्षरांचा क्रमांक. तो क्रमांक जीएसटीचा होता. 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेला व्यापारी, एवढाच त्याचा अर्थ. आयएसओ हे कारखान्याच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र असतं. यातला एकही आकडा औषधाचा परवाना नाही. पण पूरक खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला औषधाचा परवाना नसणं हाही आपोआप गुन्हा होत नाही. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर आयएसआयचा शिक्का असेल तर तपासायला सोपं जातं: शिक्क्याच्या वर आयएस 1664 हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते लगेच दिसतं. नाव पिशवीवरच्या नावाशी जुळवून पाहायचं, कारण दुसऱ्याचा खरा नंबर छापणारेही असतात. तात्यांच्या कॅनवर असा शिक्का नव्हता.

निरीक्षकांनी तो कॅन आधी बाजूलाच ठेवला होता, पशुखाद्य आमच्याकडे येत नाही म्हणाले. मग मी लेबलच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून दाखवला. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे पाजल्याने दुग्धज्वर होत नाही आणि दगडी बरी होते. जनावराच्या रोगावर उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी असलेली वस्तू कायद्याच्या व्याख्येत औषध ठरते, मग पुढच्या बाजूला 'पूरक खाद्य' लिहिलेलं असो. साहेबांनी दोनदा वाचलं आणि त्याचा वेगळा अर्ज द्यायला सांगितलं. त्या अर्जाला स्वतंत्र आवक क्रमांक मिळाला. लेबलवरचा कारखान्याचा पत्ता परराज्यातला असल्याने तिथल्या औषध नियंत्रकांकडे विचारणा गेली आहे, असं मागच्या महिन्यात कळलं. कॅनचे पैसे दुकानदाराने तात्यांना परत दिले. बिल मात्र मी परत करू दिलं नाही, त्याची झेरॉक्स दुकानदाराला दिली आणि मूळ प्रत संस्थेच्या फायलीत लावली, कारण दुसऱ्या अर्जाचं उत्तर यायचं आहे.